बाटली खरी, ऊनही खरं. मग फोटो खोटा का वाटतो?

समजा, कोकणातल्या एका घरगुती उद्योगाला कोकम सरबताची जाहिरात करायची आहे. काचेची बाटली स्टुडिओत नेली, मागे पांढरा कागद लावला, दोन्ही बाजूंना एकेक सॉफ्टबॉक्स ठेवला आणि फोटो काढला. दुसरा फोटो अंगणातला: जांभ्या दगडाचा कठडा, त्यावर पाण्याचा तांब्या, मागे पोफळीची झाडं आणि संध्याकाळचं तिरपं ऊन. मग रिटचरने बाटली पांढऱ्या कागदावरून कापून कठड्यावर, तांब्याच्या शेजारी ठेवली. दोन फोटोंचा असा एक फोटो करण्याला या धंद्यात कंपोझिट म्हणतात.

तयार फोटो उद्योजकाच्या हाती येतो. बाटली ठसठशीत आहे, लेबल वाचता येतं, अंगण सुंदर आहे. तरीही काहीतरी खटकतं. काय खटकतं ते सांगता येत नाही, म्हणून रिटचरला निरोप जातो, ‘जरा नॅचरल करा.’ तो थोडा रंग बदलून पाठवतो. खटकणं तसंच राहतं.

ही कोंडी फुटते ती तपासणीला क्रम आणि पुरावा दिल्यावर. क्रम असा की आधी प्रकाश, मग कडा, शेवटी शार्पनेस. आणि पुरावा म्हणजे तांब्या. तो खरोखर त्या उन्हात होता. त्याच्यावर ऊन कसं पडलं, त्याची कड किती मऊ आली, त्याच्यावरचे बारकावे किती स्पष्ट आहेत, हे सगळं फोटोतच नोंदलेलं आहे. बाटली मनातल्या आदर्श फोटोशी ताडून पाहायची नाही; ती या तांब्याशी ताडून पाहायची.

प्रकाश आधी का?

कारण आपली नजर इथेच सगळ्यात कच्ची आहे. युरी ऑस्ट्रोव्हस्की, पॅट्रिक कॅव्हनॉ आणि पवन सिन्हा यांनी 2005 मध्ये ‘पर्सेप्शन’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या दिशांना वळलेल्या अनेक ठोकळ्यांच्या चित्रात एकाच ठोकळ्यावर इतरांपेक्षा वेगळ्या बाजूने प्रकाश टाकला, तर तो ओळखणं माणसांना अवघड जातं, असं त्यात दिसलं. आपण एकेक वस्तू पाहतो तेव्हा तिच्यावरचा उजेड पटण्यासारखा असला की पुरतं. सगळ्या वस्तूंवरचा उजेड एकाच जागेहून येतोय का, याचा हिशेब डोळा मांडत नाही. म्हणून प्रकाशातली चूक ‘काहीतरी खटकतंय’ एवढ्यावरच अडकते.

दुसरं कारण खर्चाचं. शार्पनेस जास्त झाला असेल तर तो पाच मिनिटांत कमी होतो. कड सुधारायला तास-दोन तास लागतात. प्रकाश चुकला असेल तर मात्र बहुतेकदा बाटलीचा फोटो पुन्हा काढावा लागतो. तसं असेल तर आधीच्या फोटोच्या कडा तासून उपयोग काय?

सावलीची रेघ

आपल्या फोटोत तांब्याची सावली उजवीकडे आणि कॅमेऱ्याच्या दिशेने पडली आहे. याचा अर्थ सूर्य डावीकडे, तांब्याच्या मागे आहे. हे डोळ्यांनी कळलं तरी रेघ मारून पाहावं. तांब्याच्या काठावरचा एक बिंदू आणि सावलीतला त्याच काठाचा बिंदू जोडून रेघ वर वाढवायची. कठड्यावर एखादी कुंडी असेल तर तिचीही तशीच रेघ काढायची. एकाच सूर्याच्या उन्हात अशा सगळ्या रेघा एका बिंदूत मिळतात. कॅमेरा सूर्याकडे वळलेला असेल तर तो बिंदू म्हणजे चित्रातली सूर्याची जागा, मग ती चौकटीबाहेर का असेना. आता हीच रेघ बाटलीच्या झाकणापासून तिच्या सावलीपर्यंत काढली, की ती त्या बिंदूकडे जाते की भलतीकडे, ते लगेच दिसतं.

आपल्या फोटोत ती कुठेच जात नाही, कारण बाटलीला अशी सावलीच नाही. रिटचरने बुडाशी काळसर, धूसर अंडाकृती ठिपका टाकला आहे. सूर्य क्षितिजापासून 30 अंशांवर असेल तर सावली वस्तूच्या उंचीच्या सुमारे 1.7 पट लांब पडते. म्हणजे 30 सेंटिमीटरच्या बाटलीची सावली अर्ध्या मीटरहून थोडी लांब हवी. तांब्याची लांब सावली आणि शेजारच्या बाटलीखाली नुसता डाग, हे दोन वेगळ्या वेळांचं ऊन झालं.

सावलीची कडही बोलते. आकाशात सूर्याची तबकडी सुमारे अर्धा अंश रुंद दिसते, त्यामुळे उन्हातली सावली बुडाशी रेखीव असते आणि टोकाकडे हळूहळू मऊ होत जाते. आपल्या बाटलीच्या सावलीच्या टोकाशी ही मऊ पट्टी अर्धा ते एक सेंटिमीटरची भरेल. सगळीकडे सारखीच धूसर किंवा सगळीकडे सारखीच धारदार सावली हातानं घातलेली असते. शिवाय जांभा सच्छिद्र दगड आहे. खरी सावली त्याच्या खळग्यांत उतरते, वर आलेल्या कंगोऱ्यांवर वाकते. काढलेली सावली मात्र त्याच्यावरून सपाट सरकत जाते.

बाटलीचं बूड जिथे दगडाला टेकतं तिथे आणखी एक बारीक, सगळ्यात गडद रेघ लागते. त्या फटीत आकाशाचाही उजेड पोचत नाही, म्हणून ती जवळजवळ काळी असते. ती नसली की वस्तू अधांतरी वाटते. तांब्याच्या बुडाशी ही रेघ आहे; बाटलीच्या बुडाशी नाही.

लेबल इतकं पांढरं कसं?

सूर्य मागे असेल तर वस्तूची आपल्याकडची बाजू सावलीत असते. तांब्याचा पुढचा भाग तसाच आहे, मंद आणि किंचित निळसर, कारण तिथे पोचतो तो मुख्यतः आकाशाचा उजेड. बाटलीचं लेबल मात्र फोटोतल्या उन्हातल्या दगडापेक्षाही उजळ आहे. ते पाहायला सोपं साधन म्हणजे आयड्रॉपर: त्याने पिक्सेलची उजळी 0 ते 255 या मापात वाचता येते. लेबलावर आकडा 248 च्या आसपास येतो आणि उन्हात तापलेल्या दगडाच्या सगळ्यात उजळ जागी 200. सावलीतला कागद उन्हातल्या दगडावर मात करतोय, इथे गोष्ट फसली.

जाहिरातीत लेबल वाचता आलंच पाहिजे, हे खरं. छायाचित्रकार त्यासाठी वस्तूसमोर पांढरा पुठ्ठा धरून मागचं ऊन लेबलावर परतवतात आणि ते चालतं. पण तो पुठ्ठा शेजारच्या तांब्यालाही थोडा उजळतो. जवळजवळच्या दोन वस्तूंपैकी एकीलाच तो उजेड मिळाला, असं दिसायला नको. तसंच लाल जांभ्यावरून उसळलेला उजेड बाटलीच्या खालच्या भागाला तांबूस छटा देईल. लेबलाची खालची किनार आणि वरची किनार एकाच शुभ्र रंगाची असेल, तर ती बाटली अजून स्टुडिओतच उभी आहे.

सगळ्यात पक्का पुरावा काचेवर असतो. चकचकीत काच समोरच्या प्रकाशाचा आकार जसाच्या तसा दाखवते. आपल्या बाटलीच्या दोन्ही कडांना उंच, सरळ, पांढऱ्या पट्ट्या चमकताहेत. त्या दोन सॉफ्टबॉक्सच्या आहेत. कोकणातल्या अंगणात दोन आयताकृती सूर्य नसतात. तांब्याच्या कुशीवर मात्र डावीकडे एकच छोटा, तीव्र ठिपका आहे. रंग उबदार केला, पूर्ण फोटोला सोनेरी झाक दिली, तरी या पट्ट्यांचा आकार बदलत नाही.

आणि सरबताचा रंग? कोकम आगळ बाटलीत जाड थराने भरलं की समोरून काळपट दिसतं. पण मागून ऊन आलं तर बाटलीच्या कडांशी, जिथे द्रवाचा थर पातळ असतो, तिथे ते लालभडक पेटतं आणि सावलीच्या आत दगडावर लालसर कवडसा पडतो. त्या उन्हात बाटली ठेवण्याचं खरं आकर्षण तेच होतं आणि कंपोझिटमध्ये नेमकं तेच नाही.

कड: चाकूने कापलेली की धुक्यात बुडालेली

आता फोटो 100 टक्के आकारात उघडायचा, म्हणजे फोटोचा एक पिक्सेल पडद्यावरच्या एका पिक्सेलवर येईल. पडद्यात मावावा म्हणून 33 किंवा 67 टक्क्यांवर पाहिला तर सॉफ्टवेअर तो तात्पुरता लहान करून दाखवतं आणि कडा आहेत त्यापेक्षा मऊ किंवा टोकदार भासतात. फार दाट पिक्सेलच्या पडद्यावर 200 टक्के ठेवलं तर बारकावे नीट दिसतात.

इथेही तांब्यापासून सुरुवात. त्याच्या पितळी काठापासून मागच्या हिरव्या रंगाकडे जाताना किती पिक्सेल लागतात? समजा तीन. खऱ्या लेन्समधून आलेल्या कडेला असं थोडं अंतर लागतंच. बाटलीच्या कडेला हाच बदल एका पिक्सेलमध्ये उरकत असेल तर ती चाकूने कापल्यासारखी दिसेल. उलट मास्कला फेदर जास्त दिल्यामुळे सात-आठ पिक्सेल लागत असतील तर बाटलीभोवती धुकं दिसेल. दोन्ही वस्तू कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर आहेत, तेव्हा बाटलीलाही साधारण तीनच हवेत.

दुसरा दोष म्हणजे जुन्या पार्श्वभूमीचा उरलेला रंग. झाकण काळं, मागची झाडं गडद हिरवी आणि मध्ये एक-दोन पिक्सेलची पांढरी रेघ. ती स्टुडिओतला पांढरा कागद आहे. कापताना कडेच्या पिक्सेलमध्ये मिसळून आला. तो पकडायला बाटलीच्या लेअरखाली तात्पुरता गडद करडा रंग भरायचा, मग फिका, मग काळा. एका रंगावर दडलेली रेघ दुसऱ्यावर उघडी पडते. इलाज म्हणजे मास्क एक पिक्सेल आत घेणं आणि कडेचे पिक्सेल आतल्या रंगाने रंगवणं. मास्क जास्त आत घेतला तर मात्र झाकणाच्या चुण्या आणि बाटलीच्या खांद्याचा गोलावा खाल्ला जातो, म्हणून झाकणाचा मूळ फोटो शेजारी ठेवून पाहावं.

काचेचं दुखणं याहून खोल आहे, कारण काचेला कड अशी एकाच रंगाची नसते. ती भोवतालचा रंग घेते. पांढऱ्या कागदासमोर काढलेल्या काचेच्या कडा गडद येतात. तीच बाटली गडद झाडांसमोर, मागच्या उन्हात ठेवली असती तर तिच्या कडा उजळ चमकल्या असत्या. म्हणजे आपल्या फोटोत बाटलीची बाह्यरेषा उलटीच आली आहे. बाटलीच्या मानेत, सरबताच्या वर, रिकामी काच आहे. तिथून मागची पोफळ, थोडी वाकडीतिकडी का होईना, दिसायला हवी. दिसतोय तो स्टुडिओचा पांढरा कागद. हा दोष मास्क कितीही काळजीने केला तरी जात नाही, कारण तो कडेवर नसून काचेच्या आत आहे. मानेचा भाग अर्धपारदर्शक करून मागचं हिरवं त्यात आणावं लागतं आणि मूळ फोटोतली चमक तेवढी वर ठेवावी लागते.

शार्पनेस शेवटी

शार्पनिंगचं तंत्र फिल्मच्या काळातलं आहे. निगेटिव्हवर तिचीच एक फिकी, किंचित धूसर पॉझिटिव्ह प्रत ठेवून छापलं की कडा उठून दिसत. धूसर प्रतीमुळेच त्याला अनशार्प मास्क हे नाव पडलं. आजचं सॉफ्टवेअर तेच गणिताने करतं: फोटोची धूसर प्रत तयार करतं, मूळ आणि धूसर यांतला फरक काढतं आणि तो मूळ फोटोत वाढवून मिळवतं. त्यामुळे कडेची उजळ बाजू आणखी उजळ होते, गडद बाजू आणखी गडद. नवा तपशील यातून एकही येत नाही. आहे त्या कडेला जोर मिळतो.

नजरेला हा जोर आवडतो. एर्न्स्ट माख यांनी 1865 मध्ये दाखवून दिलं की उजेडाच्या बदलाच्या सीमेवर आपला डोळा स्वतःच उजळ आणि गडद पट्टे पाहतो, प्रत्यक्षात ते नसले तरी. म्हणून जास्त शार्प केलेला फोटो पहिल्या क्षणी ‘क्वालिटी’चा वाटतो आणि म्हणूनच अतिरेक झाला की नाही, हे नजरेवर सोडता येत नाही. इथे पुन्हा आयड्रॉपर लागतो. लेबलावरच्या मोठ्या काळ्या अक्षरापासून थोडं दूर कागदाचा आकडा वाचायचा, मग अक्षराला अगदी खेटून. दूर 225 आणि अक्षरालगत 255 येत असेल तर ती पांढरी प्रभावळ डोळ्याचा भास नव्हे, फोटोतच आहे. तसंच अक्षराच्या पोटात 40 आणि किनारीला 5 येत असेल तर गडद बाजूही ताणली गेली आहे.

प्रभावळीची रुंदी रेडियसवर ठरते आणि तीव्रता अमाउंटवर. थ्रेशोल्ड हा तिसरा आकडा, किती लहान फरकांना हात लावायचा नाही ते ठरवतो. तो शून्यावर ठेवून जोरात शार्प केलं, तर लेबलाचा सपाट कागद आणि काचेची गुळगुळीत चमकही दाणेदार होते. बाटलीवर पाण्याचे थेंब असतील तर प्रत्येक थेंबाभोवती काळं कडं येतं. थेंब चिकटवलेल्या टिकल्यांसारखे दिसू लागतात.

कंपोझिटमध्ये हा दोष हमखास येण्याचं कारण म्हणजे शार्पनिंग अनेकदा होतं. स्टुडिओच्या फोटोवर कॅमेऱ्याने किंवा रॉ फाइल उघडताना एकदा झालेलं असतं, रिटचरने बाटलीवर पुन्हा केलेलं असतं आणि शेवटी दोन्ही फोटो एकत्र झाल्यावर सगळ्यावर आणखी एकदा. तांब्याला दोन वेळा मिळतं, बाटलीला तीन. परिणामी बाटलीवरचं प्रत्येक अक्षर कोरीव आणि शेजारच्या तांब्यावरचे ठोक्यांचे खळगे मऊ. मागची पोफळ लेन्समुळे धूसर असायची ती असतेच, पण तिच्या धूसरपणावर दाणे चढतात. धूसर जागेत दाणे दिसले, की पूर्ण फोटोवर सरसकट शार्पनिंग फिरवलंय हे ओळखावं. इलाज म्हणजे शेवटचं शार्पनिंग वेगळ्या लेअरवर घेणं, मागच्या भागावरून ते मास्कने पुसणं आणि बाटलीचा बारकावा तांब्याच्या जवळ आणणं.

एक मर्यादा इथे लक्षात ठेवावी. किती शार्पनेस योग्य, हे फोटो कुठे जाणार यावर अवलंबून असतं. 300 पिक्सेल प्रति इंच या दराने छापताना एक पिक्सेल मिलिमीटरच्या सुमारे बाराव्या भागाएवढा असतो आणि कागदावर शाई थोडी पसरते. म्हणून छपाईची फाइल पडद्यावर जराशी करकरीत दिसली तरी छापून बरोबर येऊ शकते. तीच फाइल मोबाइलवरच्या जाहिरातीसाठी वापरायची असेल तर आधी लहान करावी आणि त्या आकाराला वेगळं, हलकं शार्पनिंग द्यावं. म्हणूनच तपासताना पहिला प्रश्न ‘ही फाइल कशासाठी?’ हा असतो.

निरोप कसा लिहावा

आता रिटचरला ‘नॅचरल करा’ असं लिहायची गरज नाही. प्रत्येक शेऱ्यात जागा, दोष आणि ताडून पाहण्याची वस्तू हवी: ‘बाटलीची सावली उजवीकडे पुढे, तांब्याच्या रेघेप्रमाणे हवी. बुडाशी टेकल्याची गडद रेघ नाही. झाकणाच्या डाव्या कडेला पांढरी किनार आहे. मानेतून मागची झाडं दिसत नाहीत. लेबलाच्या अक्षरांभोवती प्रभावळ आहे, बाटलीवरचं शार्पनिंग एक पायरी कमी करा.’ यातले किनार, प्रभावळ आणि टेकल्याची रेघ हे दोष त्याच दिवशी निघतात.

काचेवरच्या दोन पट्ट्या, उलटलेली बाह्यरेषा आणि न पेटलेलं सरबत मात्र अशा शेऱ्यांनी सुटत नाही. तिथे दोनच वाटा आहेत. पहिली, बाटलीचा फोटो पुन्हा काढणं: अंगणातल्या फोटोत होती त्याच उंचीवर कॅमेरा, डावीकडे मागून एकच कडक दिवा, मागे गडद पडदा आणि लेबलासाठी समोर पांढरा पुठ्ठा. दुसरी वाट स्वस्त आहे आणि ती सहसा कुणाला सुचत नाही. बाटली तीच ठेवून अंगण बदलायचं. दोन बाजूंचा मऊ उजेड घेऊन काढलेली बाटली तिरप्या उन्हात बसत नाही. पण घराच्या पडवीत, जिथे दोन्हीकडच्या उघड्या बाजूंनी आकाशाचा मऊ उजेड येतो आणि मागे चुन्याची उजळ भिंत असते, तिथे ती खपून जाते. काचेवरच्या पट्ट्या मग उघड्या बाजूंच्या वाटतात, गडद बाह्यरेषा पांढऱ्या भिंतीसमोर बरोबर ठरते, मानेतला पांढरा रंगही भिंतीचा होतो आणि सावल्या मऊ असल्यामुळे बुडाशी टाकलेला धूसर ठिपका थोड्या दुरुस्तीने चालतो. पेटलेलं सरबत मात्र या वाटेने मिळत नाही. ते हवंच असेल तर दुसऱ्यांदा फोटो काढण्याचा खर्च आधीच धरावा आणि कापाकापीचे पैसे देण्यापूर्वी अंगणातल्या तांब्याकडे एकदा नीट पाहून दिवा कुठे ठेवायचा ते ठरवावं.